खिळेदादा आणि दर दहा सेकंदांचं चित्र

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे खिळेदादा म्हणायचे. नाव मी ठेवलेलं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा ते आधीच पक्कं झालं होतं. एकदा खुर्चीत बसले की जेवायच्या सुट्टीपर्यंत हलत नसत, म्हणून खिळा. आणि साहेब येताजाता म्हणायचे, "आपला सगळा डोलारा या एका खिळ्यावर टांगलाय." हे वाक्य ऐकलं की खिळेदादा हसायचे. मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं की ते हसू दातांपुरतं आहे.

आमची कंपनी दुरुस्तीची कामं व्हिडिओवरून शिकवते. पंप, शिलाई मशीन, कुलपं, पंखे, घड्याळं. शिकवणारे खरेखुरे कारागीर असतात आणि आपापल्या दुकानात बसून, आपल्याच फोनवर व्हिडिओ काढून आम्हाला पाठवतात. बघणारा माणूस तो व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत नाही. त्याच्यासमोर पंप उघडून पडलेला असतो, हात तेलाने माखलेले असतात, आणि त्याला फक्त एवढंच हवं असतं की आतली रबरी चकती उलटी बसवायची की सुलटी. म्हणून तो व्हिडिओखालच्या पट्टीवर माउस फिरवतो. पट्टीवर एक छोटं चित्र उमटतं. माउस पुढे सरकला की चित्र बदलतं. चकती दिसली की तो तिथे क्लिक करतो.

हे चित्र दाखवण्याचं काम खिळेदादांचं. आणि मला नोकरीवर घेतलं होतं ते त्यांच्याकडून शिकायला.

काम समजायला सोपं आहे. व्हिडिओतून दर दहा सेकंदांना एक चित्र काढायचं, ते लहान करायचं, आणि अशी शंभर चित्रं एकाच मोठ्या पानावर शेजारीशेजारी चिकटवायची, दहा आडवी, दहा उभी. म्हणजे ब्राउझरला शंभर वेळा धावपळ करावी लागत नाही, एक पान आणलं की झालं. सोबत एक साधी मजकुराची फाइल असते, तिला वेबव्हीटीटी म्हणतात. तिच्या पहिल्या ओळीत तेच नाव लिहायचं, एक ओळ मोकळी सोडायची आणि मग एकेक नोंद:

00:00:10.000 --> 00:00:20.000
paan1.jpg#xywh=160,0,160,90

म्हणजे दहाव्या सेकंदापासून विसाव्यापर्यंत कुणी माउस नेला, तर पहिल्या पानावर डावीकडून एकशेसाठ ठिपके सोड, वरून काही सोडू नकोस, आणि एकशेसाठ रुंद, नव्वद उंच एवढा तुकडा कापून दाखव. कुठल्या वेळेला कुठला तुकडा, एवढंच त्या फाइलला कळतं. तुकड्यात काय आहे हे तिला कळत नाही. ते माणसाने बघायचं.

आमची खोली म्हणजे पूर्वीची रेकॉर्डिंगची खोली. कंपनीचा स्वतःचा कॅमेरा होता तेव्हाची. भिंतींना अजून काळा स्पंज लावलेला, खिडकी नाही, आणि दार उचलून ओढल्याशिवाय लागत नाही. आत बोललेलं बाहेर जात नाही, बाहेरचं आत येत नाही. दुपारी जेवून आलं की कळायचं, ऊन कलतंय. मधल्या वेळात जग बुडालं असतं तरी आम्हाला पत्ता लागला नसता. मी चिडखोर आहे हे मला मान्य आहे, पण त्या खोलीत एखादा संतसुद्धा चिडला असता.

खिळेदादांच्या स्क्रीनशेजारी, त्या काळ्या स्पंजावर, एक कागद टाचणीने लावलेला होता. त्यावर पेन्सिलीने एका लहान पावलाचा आकार काढलेला. पाचही बोटं नीट, करंगळी जरा वाकडी.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"आमच्या ठकीचं. जायच्या आदल्या दिवशी काढून घेतलं. गुदगुल्या होतात म्हणून पाय हलवत होती, म्हणून करंगळी वाकडी आलीय."

ठकी त्यांची मुलगी. तिची आई परिचारिका. दोन वर्षांपूर्वी तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेमणूक मिळाली. ती मुलीला घेऊन पुढे गेली, खिळेदादा मागून येणार होते. चारेक महिन्यांचा प्रश्न होता, म्हणून आज जाऊ, उद्या जाऊ करत ते मधे एकदाही भेटायला गेले नव्हते. त्या शहरात आमच्या कंपनीची लहानशी शाखा आहे, आणि साहेबांनी शब्द दिला होता: इथलं काम दुसऱ्या कुणाला शिकवा, मग तिकडची खुर्ची तुमची. साहेब शब्दाला जागणारे आहेत. फक्त 'शिकला' हे ठरवायचं त्यांनी.

माझ्या आधी दोघं येऊन गेले होते. पहिला कंटाळून गेला, दुसऱ्याचे डोळे दुखायला लागले. तिसरी मी.

आणि आता गोष्ट ऐरणीवर आली होती. एकदा जेवताना खिळेदादांचा फोन वाजला, आणि त्यांनी तो चुकून मोठ्या आवाजावर घेतला. वहिनींचा आवाज अख्ख्या टेबलाला ऐकू आला.

"सोमवारी ठकीची नवी शाळा सुरू होतेय. पहिल्या दिवशी बाबा सोडायला येणार असं मी तिला सांगितलंय. आला नाहीत, तर मी तिला खरं काय ते सांगून टाकीन. 'येतायत, येतायत' म्हणून माझी जीभ झिजली. आता मला नाही जमत."

खिळेदादांनी घाईघाईने आवाज कमी केला. आमच्याकडे व्हिडिओ कापणारी एक बाई आहे, तिला सगळे कात्री म्हणतात. ती मान खाली घालून भाजी वाढत बसली. मी मात्र विचारलंच.

"खरं काय ते म्हणजे काय?"

"की बाबा येणार नाहीत," खिळेदादा म्हणाले, आणि डबा बंद केला.

"मग सरळ राजीनामा द्या ना! एवढं काय अडलंय?"

"आणि तिथे जाऊन काय करू? एक वर्ष घरी बसून काढलंय मी, लग्नानंतर. ती रात्रपाळी करून यायची आणि मी दार उघडायचो. शेजारीपाजारी विचारायचे, हल्ली काय करता? तेव्हाच ठरवलं, पुन्हा रिकामा नवरा होऊन तिच्या दारात उभं राहायचं नाही."

मी माझा डबा उचलून धुवायला गेले. 

म्हणजे ते सुटणार की नाही, हे माझ्या हातात होतं. मला काम आलं की त्यांची गाडी सुटणार. आणि मला काम येत नव्हतं.

का येत नव्हतं ते सांगते. आमची चित्रं घसरायची. व्हिडिओच्या सुरुवातीला सगळं ठीक असायचं. पाचव्या मिनिटाला पट्टीवर दिसायचं पंपाचं झाकण, क्लिक केलं की व्हिडिओ पुढे गेलेला असायचा, झाकण केव्हाच निघालेलं. दहाव्या मिनिटाला चित्र दीड मिनिटाहूनही मागे. जसजसं पुढे जावं तसतसं अंतर वाढायचं. आणि सगळ्या व्हिडिओंत सारखं नाही. एकात जास्त, एकात कमी, एकात मधेच बदलायचं. खिळेदादांचा उपाय असा: एका बाजूला व्हिडिओ लावायचा, दुसऱ्या बाजूला चित्रांचं पान, आणि प्रत्येक चित्र व्हिडिओत खरोखर कुठे येतं ते शोधून फाइलमधली वेळ हाताने बदलायची. चित्र हलवता येत नाही, वेळ हलवायची. एका व्हिडिओला अर्धा दिवस.

"हे बघ, इथे पाना डाव्या हातात आहे," ते शिकवायचे. "आणि इथे उजव्या हातात. म्हणजे तुझी वेळ चुकली."

"अहो, पण घसरतं का ते?"

"फोनचे व्हिडिओ असेच असतात."

"असेच म्हणजे कसे?"

"असेच." आणि ते स्क्रीनकडे वळायचे. "तिखटबाई, प्रश्न कमी, हात जास्त."

तिखटबाई म्हणजे मी. हे नाव मात्र त्यांनी ठेवलं.

चित्रं काढायची स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राला द्यायच्या सूचनांची फाइल, त्यांच्या मशीनवर होती. ती ते स्वतः चालवायचे आणि तयार पान व फाइल मला पाठवायचे. ती कधी दाखवली नाही, मी कधी मागितली नाही. मला वाटायचं, यंत्राचं काम यंत्राने केलं, उरलेलं माणसाने निस्तरायचं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, त्यातलं दळणारं आंधळं म्हणजे मी.

शुक्रवारी सकाळी साहेब आमच्या खोलीत आले. दार उचलून लावलं, स्पंजाला टेकून उभे राहिले आणि मला म्हणाले, "आज तू एकटीने एक व्हिडिओ करायचा. यांनी मदत करायची नाही. संध्याकाळी सगळ्यांसमोर बघू. जमलं तर हे मोकळे."

त्यांनी यादीतून एक व्हिडिओ उचलला. भिंतीवरच्या घड्याळाची दुरुस्ती. खिळेदादा खुर्चीत पुढे सरकले.

"तो नको साहेब. त्यात उजेड फार कमी आहे. दुसरा द्या."

"हा किती दिवस पडलाय. हाच करू दे."

नंतर माझ्या लक्षात आलं की तो व्हिडिओ मी आल्यापासून यादीच्या तळाशीच होता. वर आला की कुणीतरी तो पुन्हा खाली ढकलत होतं.

खिळेदादांनी पान आणि फाइल पाठवली आणि काही न बोलता बाहेर चहाला गेले. ते चहाला जात नसत.

मी पान उघडलं. घड्याळवाले मास्तर सुरुवातीला काही शिकवतच नाहीत. चांगलं चालणारं एक घड्याळ फोनच्या अगदी तोंडाशी धरतात, "आधी निरोगी आवाज ऐका," म्हणतात, आणि पूर्ण दोन मिनिटं तबकडीशिवाय दुसरं काही दिसत नाही. म्हणजे माझ्या पानावरची पहिली डझनभर चित्रं नुसती तबकडी होती. पांढरी तबकडी आणि लाल सेकंदकाटा.

पहिल्या चित्रात काटा बारावर. दुसऱ्यात तो दोनवर हवा, दहा सेकंद झाले ना. तो दोनच्या अलीकडेच होता. तिसऱ्यात चारवर हवा, तर तीन ओलांडून जेमतेम पुढे. चौथ्यात सहाऐवजी पाचवर. मी पुढे मोजत गेले. सातव्या चित्रात काटा फिरून बारावर यायला हवा होता. तो दहावर होता.

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. इतके दिवस मी पाना कुठल्या हातात आहे ते बघत होते. इथे तर चित्रात घड्याळच होतं. आमची चित्रं दहा सेकंदांनी काढलेलीच नव्हती. ती आठ-सव्वाआठ सेकंदांनी काढलेली होती, आणि फाइलमध्ये मात्र दहा-दहा लिहून ठेवलं होतं. मग घसरणार नाहीत तर काय होणार!

खिळेदादा परत आले. मी पान त्यांच्याकडे वळवलं आणि सातव्या चित्रावर बोट ठेवलं.

"स्क्रिप्ट दाखवा."

त्यांनी दार उचलून नीट लावून घेतलं. मग स्वतःच्या मशीनवर ती उघडली आणि बाजूला झाले. शोधावं लागलं नाही. एका ओळीत लिहिलं होतं: दर अडीचशेवी फ्रेम घे. फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र. सेकंदाला पंचवीस फ्रेम असतील, तर अडीचशे म्हणजे बरोबर दहा सेकंद. आमचा जुना कॅमेरा पंचवीसचा होता. फोन तीसच्या आसपास काढतो, आणि अंधारात तोही कमी-जास्त करतो. म्हणून कुठलाही एक हिशोब लावून ते दुरुस्त होईना. ही स्क्रिप्ट घड्याळाकडे बघतच नव्हती, फ्रेमच मोजत होती.

"अहो, इथे 'दर दहा सेकंदांना एक' असं सांगता येतं!" माझा आवाज चढला. स्पंजाचा हा एक फायदा. "फ्रेम कितीही असू देत, वेळ बघून काढ म्हणायचं. एक ओळ आहे ही! माझे डोळे फुटायची वेळ आली आणि तुम्हाला एवढं कळलं नाही?"

"कळलं," ते म्हणाले.

"केव्हा?"

"फोनचे व्हिडिओ यायला लागले, त्याच्या तीन-चार महिन्यांनी."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

ते उभ्याउभ्याच सांगत गेले. कंपनीने कॅमेरा विकला तेव्हा कॅमेरावाला गेला, दिवेवाला गेला, या खोलीतली चार माणसं गेली. फोनचे व्हिडिओ येऊ लागले, चित्रं घसरली, साहेब ओरडू लागले. यांनी घाबरून हाताने वेळा जुळवल्या. साहेब खूश. "हे फक्त यांनाच जमतं," असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. पुढे माणसं कमी करायची दुसरी फेरी आली, आणि त्यात हे वाचले. मग एके दिवशी खरं कारण सापडलं.

"ओळ बदलायला बसलो होतो मी. हात कीबोर्डवर होते. वाटलं, ही बदलली की माझं काम संपलं. मग मला कशाला ठेवतील? ठकी तेव्हा नुकती बोलायला लागली होती. म्हटलं, पुढच्या महिन्यात बदलू."

"आणि आता?"

"आता कुठल्या तोंडाने बदलू? साहेब विचारतील, आधी का नाही? खरं सांगितलं तर तिकडची खुर्ची गेली. नाही सांगितलं तर हीच खुर्ची कायम." ते कसंनुसं हसले. "धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं."

मला राग आलेला होता, आणि तो खरा होता. माझ्या आधीच्या त्या पोराचे डोळे दुखले ते या माणसाच्या भीतीपायी. माझे दिवस गेले ते वेगळेच. पण ते बोलताना सारखे त्या कागदावरच्या पावलाकडे बघत होते, आणि मला त्यांना आणखी टोचवेना.

"मी सांगते," मी म्हटलं. "म्हणते, मला आज सापडलं. तुम्हाला माहीतच नव्हतं. साहेब मला शाबासकी देतील, तुम्हाला फार तर मठ्ठ म्हणतील. मठ्ठ माणसाला तिकडची खुर्ची मिळते. लबाडाला मिळत नाही."

त्यांनी उघडी स्क्रिप्ट बंद केली. मग म्हणाले, "चालेल." आणि पुन्हा, "चालेल ना?" जणू परवानगी मी द्यायची होती.

संध्याकाळी मोठ्या खोलीत सगळे जमले. भिंतीवर पडदा, साहेब पुढच्या खुर्चीत, कात्री, दोन-चार आणखी. मी खिळेदादांचं मशीन पडद्याला जोडलं. ठरल्याप्रमाणे आधी जुनी घसरलेली चित्रं दाखवायची आणि मग सांगायचं. मी पट्टीवर माउस नेला. दहाव्या मिनिटाला पट्टीवर बंद घड्याळ, क्लिक केलं तर आतली चाकं टेबलावर पसरलेली.

साहेबांनी मान हलवली. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलायला लागले, आणि अगदी प्रेमाने.

"बघितलंत? म्हणून मी म्हणतो. दिवसभर बसूनही हिला जमलं नाही. हिची चूक नाही, हे काम येरागबाळ्याचं नाहीच. खिळेदादा, तुमच्यासारखी नजर पुन्हा मिळायची नाही. तुम्ही आणखी एक वर्ष काढा इथे. तुमच्या घरी मी स्वतः बोलतो. लागलं तर वहिनींना इकडच्या दवाखान्यात जागा बघू."

टाळ्या वाजल्या. कात्रीनेही वाजवल्या, तिला काय माहीत. मी "साहेब, एक मिनिट," म्हणत उठले, तेवढ्यात खिळेदादा उठले. त्यांनी माझ्या हाताखालून कीबोर्ड ओढून घेतला. मी त्यांच्याकडे बघितलं. ते घामाघूम झाले होते.

त्यांनी स्क्रिप्ट पडद्यावर उघडली. अडीचशेव्या फ्रेमची ओळ खोडली. तिथे दर दहा सेकंदांना एक, असं लिहिलं. चालवली. सगळे बघत होते आणि यंत्र सावकाश चित्रं काढत होतं. मग पान उघडून त्यांनी पट्टीवर माउस नेला.

चित्रं तशीच घसरलेली. बंद घड्याळ, खाली पसरलेली चाकं.

मागून कुणीतरी हसलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं माझ्या मनात आलं. पण खिळेदादा शांत होते. "ब्राउझरने जुनंच पान धरून ठेवलंय," ते म्हणाले. "नाव तेच आहे म्हणून त्याला वाटतं, चित्रंही तीच." त्यांनी पानाला नवं नाव दिलं, फाइलमध्येही तेच नाव घातलं आणि पुन्हा उघडलं.

आता तबकडीवरचा लाल काटा दोन, चार, सहा असा नीट पावलं टाकत चालला. दहाव्या मिनिटाला चाकं टेबलावर होती. शेवटच्या मिनिटाला मास्तर घड्याळ भिंतीवर टांगत होते. क्लिक केलं, तर खरंच टांगत होते.

"वा!" साहेब म्हणाले. "हे आज सापडलं? हिला?"

मी हो म्हणणार होते. माझं हो जिभेवर तयार होतं.

"नाही," खिळेदादा म्हणाले. "मला आधीपासून माहीत होतं. काही वर्षं झाली. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही मला काढलं असतंत. ही ओळ तशीच ठेवली म्हणून मी राहिलो. माझ्या हाताखाली तिघांचे दिवस वाया गेले. हिचेही."

 साहेबांचा चेहरा हळूहळू लाल झाला. त्यांना ओरडायचं असावं, पण आत्ताच केलेली स्तुती अजून त्यांच्या तोंडात होती.

"सामान उचला," ते शेवटी म्हणाले. "तिकडच्या शाखेला मी कळवतो. तिथे जाऊ नका."

खिळेदादांनी मान डोलावली. "जुन्या सगळ्या व्हिडिओंवर स्क्रिप्ट लावून जातो. आपोआप होईल. फक्त पानांची नावं बदला, हिला सांगून ठेवतो." आणि खरंच, जायच्या आधी ते काम लावूनच ते निघाले. साहेबांनी अडवलं नाही.

सामान म्हणजे काय, एक पाण्याची बाटली, एक स्वेटर आणि तो कागद. टाचणी त्यांनी स्पंजातच ठेवली. मी दारापर्यंत गेले, मग जिन्यापर्यंत, मग रस्त्यापर्यंत. बाहेर अजून ऊन होतं. ते डोळे बारीक करून इकडे तिकडे बघत होते.

"का बोललात?" मी विचारलं. "मी सांगणारच होते ना! खुर्ची मिळाली असती."

"साहेब ठकीच्या आईला इकडे आणूया म्हणाले ना," ते म्हणाले. "तेव्हा कळलं. त्यांनी तेही केलं असतं. सगळ्यांना त्या खोलीत आणून बसवलं असतं, आणि मी हसून हो म्हटलं असतं. मला माझी भीती वाटली गं."

मग त्यांनी फोन लावला. "मी येतोय," म्हणाले. "नोकरी नाही. हो, गेली. रिकामाच येतोय." पलीकडून काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. ते नुसतं हूं, हूं करत होते, आणि एकदा त्यांनी बाहीने नाक पुसलं. फोन ठेवून म्हणाले, "रविवारी या म्हणाली. दार मी उघडते म्हणाली."

कोपऱ्यावर चपलांचं दुकान होतं. "शाळेचे बूट घेऊन जातो," ते म्हणाले, आणि मला बरोबर चल म्हणाले. मुलींच्या वस्तूंमधलं त्यांना काही कळत नाही म्हणून.

त्यांनी तो कागद काउंटरवर पसरून हाताने सपाट केला. दुकानदाराने बूट काढले, कागदावर ठेवून बघितले. चिमुकले, पट्ट्याचे. अगदी बेतशीर बसले. खिळेदादा खूश होऊन माझ्याकडे बघायला लागले. मला बोलावं की नाही कळेना. शेवटी दुकानदारच बोलला, "माप केव्हाचं आहे?"

खिळेदादा कागदाकडे बघत राहिले.

"आता केवढी आहे मुलगी?" दुकानदाराने सहज विचारलं.

त्यांनी हात खाली नेला आणि मांडीच्या जरा वर धरला. थांबले. हात थोडा वर सरकवला. मग आणखी थोडा, आणि मग परत खाली. मी त्यांना इतके दिवस असंच काम करताना बघितलं होतं, एकेक वेळ पुढे, मागे, पुन्हा पुढे. पण तिथे समोर व्हिडिओ तरी असायचा. हात तसाच हवेत राहिला, आणि त्यांचे डोळे भरून आले. मलाही रडू आवरेना. दुकानदार बिचारा बुटांच्या खोक्याचं झाकण लावत बसला.

खिळेदादांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

"राहू द्या," ते म्हणाले. "पाय बघूनच घेईन."